नाशिक रोड की नाशिकमधला रोड?

नाशिक रोड हा रस्ता नाही, हे नाशिककराला कुणी समजावून सांगावे लागत नाही. ते मध्य रेल्वेचे स्थानक आहे आणि त्याच्या आधाराने वाढलेले उपनगर आहे. जुन्या शहरापासून ते नऊ-दहा किलोमीटरवर आहे आणि नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस तिथेच आहे. खरेखुरे रस्ते म्हणजे गंगापूर रोड, कॉलेज रोड, शरणपूर रोड, त्र्यंबक रोड. त्यांच्या पत्त्यांत ‘नाशिक’ आणि ‘रोड’ हे दोन्ही शब्द असतात, फक्त उलट्या क्रमाने : ‘कॉलेज रोड, नाशिक’.

आता समजा, शहरातल्या एखाद्या वाचनालयाने जुन्या अंकांतले काही हजार लेख टाइप करून संगणकावर घेतले आहेत. अभ्यासकाला नाशिक रोडच्या वसाहतीविषयीचे लेख हवे आहेत. तो शोधपेटीत ‘नाशिक रोड’ असे लिहितो आणि समोर शेकडो लेख येऊन पडतात. कॉलेज रोडवरच्या दुकानाची जाहिरात, नाशिक-पुणे रोडच्या रुंदीकरणाची बातमी, सगळे काही. मग तो तेच दोन शब्द अवतरणचिन्हांत टाकतो आणि यादी एकदम नेमकी होते. दोन्ही वेळी शब्द तेच होते. अवतरणचिन्हांनी यंत्राला असे काय सांगितले, जे त्याला आधी ठाऊक नव्हते?

खरे तर ते त्याला आधीपासूनच ठाऊक असावे लागते. लेख साठवतानाच एक जास्तीची माहिती टिपून ठेवलेली असली, तरच अवतरणचिन्हे चालतात. या माहितीला डिस्कवर बरीच जागा लागते.

पंगतीला कोण आले आणि कोण कुठे बसले

शोधयंत्र प्रत्येक शोधाला सगळे लेख पहिल्यापासून वाचत नाही. लेख आत घेतानाच ते एक इंडेक्स तयार करते. प्रत्येक शब्दासमोर तो शब्द ज्या लेखांत आला त्या लेखांचे क्रमांक, असा हा इंडेक्स असतो. ‘नाशिक’समोरची यादी आणि ‘रोड’समोरची यादी काढायची आणि दोन्हींत असलेले क्रमांक उचलायचे, एवढेच काम. हजारो लेखांतही ते डोळ्याचे पाते लवायच्या आत होते.

पण या यादीतून इतकेच कळते की दोन्ही शब्द या लेखात आहेत. लग्नाच्या जेवणाला कोण कोण आले याची नोंद वहीत असावी, पण पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसले होते ते त्या वहीतून कळू नये, तसे हे आहे. शेजार कळायचा असेल तर प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या पाटाचा क्रमांकही लिहायला हवा.

शोधयंत्र नेमके हेच करते. लेखातल्या प्रत्येक शब्दाला पहिल्यापासून क्रमांक देते आणि शब्दासमोर फक्त लेखाचा क्रमांक न लिहिता त्या लेखातल्या जागाही लिहिते. याला पोझिशनल इंडेक्स, म्हणजे जागांसह केलेला इंडेक्स म्हणतात. चार छोटे लेख घेऊन तो कसा दिसतो ते पाहू.

```
लेख १: नाशिक रोड स्थानक जुने आहे
लेख २: गंगापूर रोड नाशिक
लेख ३: नाशिक पुणे रोड रुंद झाला
लेख ४: गंगापूर रोड ते नाशिक रोड बस मिळते

नाशिक → १:[१]  २:[३]  ३:[१]  ४:[४]
रोड   → १:[२]  २:[२]  ३:[३]  ४:[२, ५]
```

दोन्ही शब्द चारही लेखांत आहेत, त्यामुळे साध्या शोधाला चारही लेख येतील. अवतरणचिन्हांतल्या शोधाला मात्र एक पायरी जास्त असते. प्रत्येक लेखात ‘नाशिक’ची जागा घ्यायची, तिच्यात एक मिळवायचा आणि तो आकडा ‘रोड’च्या जागांत आहे का ते बघायचे. लेख १ मध्ये १ अधिक १ म्हणजे २, आणि ‘रोड’ २ वर आहे. जमले. लेख २ मध्ये ४ हवा होता, तिथे आहे २. लेख ३ मध्ये २ हवा होता, आहे ३. लेख ४ मध्ये ५ हवा, आणि ‘रोड’ २ वर आहे तसा ५ वरही आहे. जमले. उत्तर : लेख १ आणि ४.

शब्द तीन असले तर तिसऱ्याच्या जागेतून दोन वजा करून हीच तपासणी होते. व्यवहारात एक शहाणपण पाळतात. सर्वात दुर्मीळ शब्दाची यादी आधी घ्यायची, म्हणजे तपासायचे लेख आरंभीच कमी होतात. ‘करन्सी नोट प्रेस नाशिक’ शोधताना ‘करन्सी’पासून सुरुवात करावी, ‘नाशिक’पासून नव्हे. नाशिकच्या अंकांत ‘नाशिक’ कुठे नसणार?

शेजारी नको, जवळपास चालेल

जागा हाताशी असल्या की आणखी एक सोय आपोआप मिळते. दोन शब्द अगदी चिकटून नकोत, पण जवळपास असावेत, असेही विचारता येते. अभ्यासकाला गोदावरीचा पूर हवा आहे. लेखात ‘गोदावरीला मोठा पूर’ असेल, ‘पुरामुळे गोदावरी’ असेल किंवा मध्ये चार शब्द असतील. पहिल्या पानावर गोदावरी आणि आठव्या पानावर तापीचा पूर असलेला लेख मात्र त्याला नको आहे. अशा वेळी जागांतला फरक एका मर्यादेच्या आत आहे की नाही, एवढेच तपासायचे.

पण ‘जवळ’ म्हणजे काय, यावर सगळ्या प्रणालींचे एकमत नाही. ल्युसीन नावाचे मुक्त सॉफ्टवेअर डग कटिंग यांनी १९९९ साली लिहिले आणि आज असंख्य शोधयंत्रांच्या पोटात तेच आहे. त्यात `"नाशिक रोड"~1` असे लिहिले, तर शब्द आपल्या जागेवरून एक घर सरकलेला चालतो. त्यामुळे वरच्या उदाहरणात लेख ३, म्हणजे ‘नाशिक पुणे रोड’, आत येतो. लेख २ मधला उलटा शेजार तरीही बाहेर राहतो, कारण दोन लगतच्या शब्दांची अदलाबदल ल्युसीन दोन घरांची धरते. आकडा २ केला की ‘गंगापूर रोड नाशिक’सुद्धा आत येते. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये वेगळीच रीत आहे. तिथे `NEAR(नाशिक रोड, 0)` म्हणजे मध्ये शून्य शब्द, आणि क्रमाची अट मुळीच नाही. त्यामुळे शून्य लिहूनही लेख २ मिळतो. एका प्रणालीतून दुसरीत गेल्यावर निकालांची संख्या बदलली, तर आधी ही व्याख्या तपासावी.

इथे एक फसगत दडलेली असते. विरामचिन्हांना सहसा जागेचा क्रमांक मिळत नाही. त्यामुळे ‘मुक्काम नाशिक. रोड खराब असल्याने’ या मजकुरात पूर्णविराम ओलांडूनही ‘नाशिक’ आणि ‘रोड’ शेजारी ठरतात आणि अवतरणचिन्हांतला शोध त्यांना बिनदिक्कत पकडतो. हाच प्रकार एकापाठोपाठ साठवलेल्या नावांत किंवा पत्त्यांतही होतो. एका पत्त्याचा शेवट ‘नाशिक’, पुढच्याचा आरंभ ‘रोड’. म्हणून ल्युसीनवर उभारलेल्या इलॅस्टिकसर्चमध्ये एकाच रकान्यातल्या दोन स्वतंत्र मूल्यांच्या मध्ये मुद्दाम १०० जागा रिकाम्या सोडतात. पाट मांडलेले, बसायला कोणी नाही.

जागेचा हिशेब

आता खर्चाकडे वळू. साध्या इंडेक्समध्ये एका लेखात शब्द एकदा आला काय आणि चाळीसदा आला काय, नोंद एकच. जागांच्या इंडेक्समध्ये चाळीस वेळा आला तर चाळीस आकडे. म्हणजे त्याचा आकार लेखांच्या संख्येवर नव्हे, तर मजकुरातल्या एकूण शब्दांवर ठरतो.

म्हणूनच लेखांची लांबी इथे कळीची ठरते. माहिती-शोधाच्या अभ्यासात रॉयटर्सच्या बातम्यांचा एक जुना संच नेहमी वापरला जातो. त्यात सुमारे ८ लाख बातम्या आहेत आणि बातमीमागे सरासरी २०० शब्द, म्हणजे १६ कोटी जागा. साध्या इंडेक्सच्या नोंदी साधारण १० कोटी. प्रमाण दीडपटीच्या थोडे वर, कारण छोट्या बातमीत बहुतेक शब्द एकदाच येतात. याउलट १८८३ साली निघालेले नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर घ्या. एवढे जाडजूड पुस्तक एकच ‘लेख’ म्हणून साठवले, तर हजार शब्दांत एकदा येणारा शब्द दर लाख शब्दांमागे शंभर जागा घेईल. साध्या इंडेक्समध्ये मात्र त्याची नोंद एकच असेल.

हे आकडे जसेच्या तसे कुणी साठवत नाही. ४, १९, २१, ४० या जागांऐवजी पहिली जागा आणि पुढची अंतरे लिहितात : ४, १५, २, १९. अंतरे लहान असतात आणि १२७ पर्यंतची संख्या एका बाइटमध्ये मावते. तरीही जागांचे आकडे लेखांच्या क्रमांकांइतके आवळले जात नाहीत. सर्रास येणाऱ्या शब्दाच्या यादीत लेखांचे क्रमांक जवळजवळ लागोपाठ असतात. लेखाच्या आतल्या जागांना मात्र असा काही नेम नसतो.

एकूण किती फरक पडतो, याचा एक छान मोजलेला दाखला एसक्यूलाइटच्या अधिकृत माहितीपत्रकात आहे. त्यातल्या शब्दशोधाच्या सोयीला एफटीएस-५ म्हणतात आणि तिच्या इंडेक्समध्ये किती तपशील ठेवायचा हे वापरणाऱ्याने ठरवायचे असते. १,६३६ मेबीबाइटचा ईमेलचा साठा तीन पद्धतींनी चढवून पाहिला, तेव्हा हे आकडे आले :

> एकाच साठ्याचे तीन इंडेक्स
> `detail=none` : शब्द कोणत्या ईमेलमध्ये आहे एवढेच. १३४ मेबीबाइट.
> `detail=column` : ईमेलच्या कोणत्या रकान्यात (विषय, मजकूर) आहे तेही. ३४० मेबीबाइट.
> `detail=full` : रकान्यातली नेमकी जागाही. ७४३ मेबीबाइट.

नुसत्या जागांसाठी ४०३ मेबीबाइट वाढले आणि सर्वात मोठा इंडेक्स सर्वात लहानाच्या साडेपाचपट झाला. मूळ मजकुराच्या तुलनेत तो ४५ टक्के आहे. इंग्रजीसारख्या भाषांसाठी पाठ्यपुस्तकांत ठोकताळा देतात तो असा, की जागांचा इंडेक्स साध्याच्या दुप्पट ते चौपट आणि मूळ मजकुराच्या ३५ ते ५० टक्के. हा दाखला दुसऱ्या ठोकताळ्यात बसतो, पहिल्याच्या बाहेर जातो.

मराठीला हे टक्के जसेच्या तसे लावू नयेत. संगणकावर नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची गणतीही वेगळी होते. रोमन लिपीतल्या Nashik ला सहा बाइट, ‘नाशिक’ला पंधरा. पण या शब्दाची जागा सांगणारा आकडा दोन्ही लिप्यांत तेवढाच, एक-दोन बाइटांचा. त्यामुळे मूळ मजकुराशी ताडले तर मराठीत जागांच्या नोंदींचा बोजा हलका दिसतो. इंडेक्स लहान झालेला नसतो, मजकूरच फुगलेला असतो.

खर्च डिस्कचा असला तरी प्रत्येक शोध त्यामुळे मंदावत नाही. ल्युसीन लेखांच्या याद्या एका फाइलीत आणि जागा दुसऱ्या फाइलीत ठेवते. अवतरणचिन्हे नसतील तर जागांची फाइल उघडायची गरजच पडत नाही.

‘रोड’ शोधला, ‘रेडिओ’ सापडला

एसक्यूलाइट फुकट आहे, एका फाइलीत मावते आणि जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असते. छोट्या वाचनालयाच्या संग्रहाला ती सोयीची. पण मराठी मजकूर तिच्यात तसाच ओतला तर जागांची मोजणी पायापासून चुकते.

कारण साधे आहे. मजकुराचे शब्द पाडताना एफटीएस-५ अक्षरे आणि अंक यांना शब्दाचा भाग मानते, बाकी सगळ्याला दोन शब्दांमधली फट. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही ‘अक्षरे’ नाहीत, ती जोडचिन्हे आहेत. त्यामुळे ‘नाशिक’ हा एक शब्द न राहता ‘न’, ‘श’, ‘क’ असे तीन तुकडे होतात आणि ‘रोड’चे ‘र’ आणि ‘ड’ असे दोन. तुम्ही ‘रोड’ शोधला की प्रणाली ‘र’ आणि त्याच्या लगेच पुढे ‘ड’ असे जोडीने शोधते. ‘रेडा’ आणि ‘रेडिओ’ यांतही मात्रा गळल्यावर ‘र’ आणि ‘ड’ लागोपाठच उरतात, त्यामुळे तेही हजर होतात. नाशिक रोडचा अभ्यास करणाऱ्यासमोर रेडिओची जाहिरात येते ती अशी.

‘पाच शब्दांच्या आत’ ही अटही यात निकामी होते. पाच तुकडे म्हणजे ‘नाशिक रोड’ हे दोनच शब्द. शिवाय तुकडे वाढले की जागांच्या नोंदी वाढतात, म्हणजे चुकीच्या उत्तरांसाठी डिस्कही जास्त द्यायची.

हे ओळखायची एक खूण आहे. जागा वाचवायला `detail=none` ठेवून इंडेक्स बनवा आणि एकच मराठी शब्द, अवतरणचिन्हांशिवाय, शोधा. पडद्यावर असे येते :

```
fts5: phrase queries are not supported (detail!=full)
```

एकाच शब्दाला ‘सलग शब्दांचा शोध चालणार नाही’ असे उत्तर आले, की समजावे, शब्दाचे तुकडे झाले आहेत. इलाज एका ओळीचा आहे. जोडचिन्हांचे `Mc` आणि `Mn` हे दोन वर्ग शब्दाचा भाग धरायला सांगायचे :

```
CREATE VIRTUAL TABLE lekh USING fts5(
  mathala, majkur,
  tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mc Mn'"
);
SELECT mathala FROM lekh
 WHERE lekh MATCH '"नाशिक रोड"';
```

हे इंडेक्स बनवतानाच करावे लागते. नंतर सुचले तर सगळे पुन्हा चढवायचे.

एवढे करूनही मराठीची आपली अडचण उरतेच. कुणी ‘नाशिकरोड’ असे जोडून लिहितो, कुणी ‘नाशिक रोडला’, ‘नाशिक रोडच्या’. जोडून लिहिले की दोन जागांची एक जागा होते आणि अवतरणचिन्हांना ते सापडत नाही. प्रत्यय छाटून मूळ शब्द साठवावेत, तर ‘रोडला’ सापडतो खरा, पण मग ‘नाशिकचा रोड’सुद्धा ‘नाशिक रोड’ होऊन बसतो. माझ्या मते अशा संग्रहात प्रत्यय छाटू नयेत. एफटीएस-५ मध्ये शेवटच्या शब्दापुढे तारा देऊन `"नाशिक रोड" *` असे लिहिले, की ‘रोड’ने सुरू होणारा कोणताही शब्द चालतो. ‘रोडला’, ‘रोडवर’, ‘रोडच्या’ हे सगळे त्यात येतात. ‘नाशिकरोड’साठी दुसरा शोध वेगळा करावा. दोन शोध परवडतात, खोटे शेजार परवडत नाहीत.

काटकसर कुठे करावी

जागा वाचवायचा सर्वात जुना उपाय म्हणजे ‘आहे’, ‘आणि’, ‘तरी’ असे सर्रास शब्द इंडेक्समधून वगळणे. जागांच्या सर्वात लांब याद्या याच शब्दांच्या असतात, त्यामुळे बचत मोठी होते. पण सलग शब्दांच्या शोधाला तीच नडते. सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ शोधा. वगळल्यावर उरतो फक्त ‘मनोहर’, आणि मग गावातले सगळे मनोहर हजर.

दुसरा उपाय म्हणजे जागा न लिहिता शब्दांच्या जोड्याच साठवणे. ‘नाशिक रोड’ हाच एक शब्द, ‘रोड स्थानक’ हा दुसरा. दोन शब्दांच्या शोधाला हे वेगवान आहे. तीन शब्द आले की गडबड होते, कारण ‘नाशिक रोड’ एका परिच्छेदात आणि ‘रोड स्थानक’ दुसऱ्यात असले तरी ‘नाशिक रोड स्थानक’ सापडल्याचा भास होतो. शिवाय जोड्यांची संख्या शब्दांच्या कित्येक पट, आणि ‘जवळपास’चा शोध मुळीच नाही.

तिसरा उपाय पुस्तकांसाठी आहे. गॅझेटिअर एकच लेख न मानता पानापानाने साठवायचे. एका पानाच्या याद्या आखूड होतात आणि उत्तरही ‘पुस्तकात आहे’ असे न येता ‘या पानावर आहे’ असे येते. फक्त ‘नाशिक’ पानाच्या तळाला आणि ‘रोड’ पुढच्या पानाच्या माथ्याला असेल तर तो शेजार हरवतो. यावर प्रत्येक पानाच्या नोंदीत पुढच्या पानाचे पहिले काही शब्द जोडून घेतात. थोडी पुनरुक्ती होते, पण चालते.

मोठ्या संग्रहांत मात्र लोक काटकसर सोडून उलट दिशेने जातात. विल्यम्स, झोबेल आणि बाहले या संशोधकांनी २००४ साली जागांचा इंडेक्स तसाच ठेवून त्याच्या जोडीला काही निवडक शब्दजोड्यांचा आणि सर्रास शब्दांनंतर येणाऱ्या शब्दांचा इंडेक्स ठेवून पाहिला. नुसत्या जागांच्या इंडेक्सपेक्षा २६ टक्के जागा जास्त लागली आणि सलग शब्दांचे नेहमीचे शोध चौथ्या हिश्शाच्या वेळात आटोपले. जोड्या निवडायच्या त्या दोन्ही शब्द स्वतंत्रपणे सर्रास असलेल्या, कारण त्यांच्याच लांबलचक याद्या पडताळण्यात वेळ जातो. ‘करन्सी नोट’ला ही मदत लागत नाही, ‘करन्सी’ची यादी मुळातच आखूड असते. नाशिकच्या संग्रहात पहिली जोडी ठेवायची ती ‘नाशिक रोड’.